छाननीच्या टेबलावर अर्ज कसा वाचला जातो

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात कंत्राटी स्टाफ नर्सच्या जागा निघाल्या, की जाहिरात संकेतस्थळावर येते आणि कार्यालयाच्या सूचना फलकावरही लागते. मोठ्या सरळसेवा भरत्या आता ऑनलाइन झाल्या आहेत. तिथे संगणक एकेक रकाना विचारत जातो आणि उमेदवार तो भरत जातो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, नगरपालिकांच्या दवाखान्यांतल्या तात्पुरत्या नेमणुका, अनुदानित महाविद्यालयांतली तासिका तत्त्वावरची पदं अशा ठिकाणी मात्र अजूनही बऱ्याचदा कागदी अर्ज मागवले जातात. कुठे छापील नमुना असतो, कुठे साध्या कागदावर लिहायचं असतं. नमुना असला तरी त्यावर एक पानी अर्जपत्र जोडावं लागतंच, आणि सगळ्यात जास्त चुका त्या एका पानावर होतात.

हे पान कोण वाचतं, कशासाठी वाचतं, हे एकदा कळलं की ते कसं लिहायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. पाकीट आधी आवक शाखेत जातं. तिथे त्याची आवक नोंदवहीत नोंद होते आणि आवक क्रमांक, तारीख यांचा शिक्का बसतो. मग ते त्या विभागाच्या आस्थापना शाखेकडे, म्हणजे छाननी करणाऱ्या लिपिकाकडे येतं. त्याच्यासमोर जाहिरातीतल्या अटींचा तक्ता असतो : वय, शैक्षणिक अर्हता, नोंदणी, अनुभव, प्रवर्ग, शुल्क. प्रत्येक अटीसमोर त्याला 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं असतं आणि 'आहे' लिहायचं तर त्याचा कागद हाताशी लागायला हवा. अर्जातली भाषा किती सुंदर आहे हे पाहायला त्या तक्त्यात रकानाच नसतो. घरची परिस्थिती, लहानपणापासूनची सेवेची आवड, 'मला एक संधी द्यावी' ही विनंती, यांतलं काहीही तिथे नोंदवता येत नाही. हा कोरडेपणा मला योग्यच वाटतो. पाचशे अर्जांतून माणसं निवडताना सगळ्यांना एकच माप लागलं पाहिजे.

म्हणून अर्जपत्रात तीन जागा नीट सांभाळायच्या. विषयाच्या ओळीत आपण कशासाठी अर्ज करतो आहोत ते सांगायचं, अर्हतेच्या परिच्छेदात आपल्याकडे काय आहे ते सांगायचं आणि 'सोबत' या यादीत त्याचा पुरावा कुठे आहे ते दाखवायचं. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट एकाच शब्दांत आली पाहिजे. एक नमुना घेऊन पाहू.

समजा, एका जिल्हा परिषदेची जाहिरात क्रमांक 02/2025 आहे, दिनांक 9 जून 2025. अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख 23 जून 2025, सायंकाळी पाचपर्यंत. जाहिरातीच्या तक्त्यात अनुक्रमांक 4 वर 'स्टाफ नर्स (महिला)' हे पद आहे. अर्हता : जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. अनुभवाला जादा गुण. अर्जदार विवाहित आहे, इतर मागास प्रवर्गातली आहे आणि तिची जवळपास सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची आहेत.

तिच्या अर्जाचा माथा असा होईल :

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
आरोग्य विभाग, जिल्हा परिषद, (जिल्ह्याचे नाव)

विषय : स्टाफ नर्स (महिला) या कंत्राटी पदासाठी इतर मागास प्रवर्गातून अर्ज सादर करणेबाबत.

संदर्भ : आपली जाहिरात क्र. 02/2025, दिनांक 9 जून 2025, पदाचा अनुक्रमांक 4.

अर्ज पदनामाने लिहायचा, अधिकाऱ्याच्या नावाने नाही. अधिकारी बदलून जातात, पद तिथेच असतं. प्राप्तकर्ता कोण, हेही जाहिरातीतूनच उचलायचं. एखाद्या जाहिरातीत मुख्य कार्यकारी अधिकारी असतात, दुसरीत जिल्हा शल्यचिकित्सक. जिल्हा रुग्णालयाचं कार्यालय आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. एकाचं पाकीट दुसऱ्याकडे गेलं तर ते योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत मुदत उलटून जाऊ शकते.

विषयाच्या ओळीत 'नोकरी मिळणेबाबत' असं लिहिण्याची पद्धत फार रुळली आहे. ती सोडून द्यायला हवी. एकाच जाहिरातीत स्टाफ नर्स, औषध निर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी कितीतरी पदं असतात आणि अर्जांचे गठ्ठे पदानुसार लावले जातात. ओळ वाचून अर्ज कोणत्या गठ्ठ्यात ठेवायचा हे कळलं नाही, तर तो बाजूला पडतो. पदाचं नाव जाहिरातीत छापलं आहे अगदी तसंच घ्यायचं. 'स्टाफ नर्स', 'अधिपरिचारिका' आणि 'एएनएम' यांचा अर्थ बोलताना आपण जवळजवळ एकच धरतो. कार्यालयात ती वेगळ्या अर्हतेची, वेगळ्या मानधनाची पदं असू शकतात. प्रवर्गही विषयातच यावा, कारण छाननीनंतरची यादी प्रवर्गनिहाय लागते. दोन पदांसाठी अर्ज करायचा असेल तर जाहिरातीत वेगळं काही सांगितलेलं नसल्यास दोन स्वतंत्र अर्ज, दोन स्वतंत्र पाकिटं. पाकिटावरही विषयाचाच मजकूर थोडक्यात लिहायचा. ते पाकीट कोणत्या शाखेत जाईल हे आवक शाखेत तेवढ्यावरूनच ठरतं.

संदर्भाची ओळ पुष्कळजण वगळतात. त्याच विभागाची आधीची जाहिरात रद्द होऊन नवी निघाली असेल, किंवा तिला शुद्धिपत्रक आलं असेल, तर हा अर्ज नेमका कशाच्या आधारे आला आहे हे या एका ओळीवरून कळतं. शुद्धिपत्रक असेल तर त्याची तारीखही संदर्भात जोडावी.

आता अर्हतेचा परिच्छेद. अर्ज तरतो किंवा बुडतो तो इथेच. बहुतेक अर्जांत 'मी जीएनएम उत्तीर्ण असून मला तीन-चार वर्षांचा अनुभव आहे' असं एक वाक्य असतं. ते खोटं नसतं, पण छाननी करणाऱ्याला त्यातून एकही रकाना भरता येत नाही. उत्तीर्ण कधी झालात? गुण किती? नोंदणी झाली आहे का, ती आज चालू आहे का? अनुभव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? आपल्या अर्जदाराचा परिच्छेद असा लिहिता येईल :

'उपरोक्त जाहिरातीस अनुसरून मी अर्ज सादर करीत आहे. मी जीएनएम अभ्यासक्रम मार्च 2021 मध्ये उत्तीर्ण झाले आहे (सोबत क्र. 4). अंतिम वर्षी मला 800 पैकी 558, म्हणजे 69.75 टक्के गुण आहेत (सोबत क्र. 5). महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी दिनांक 12 ऑगस्ट 2021 रोजी झाली असून ती आजमितीस वैध आहे (सोबत क्र. 6). नोंदणीनंतरचा माझा एकूण अनुभव 3 वर्षे 9 महिने 20 दिवस आहे (सोबत क्र. 7 व 8).'

69.75 चे 70 करायचे नाहीत. गुणवत्ता यादी दशांशावर फिरते, आणि अर्जात 70 व गुणपत्रकात 69.75 दिसले की इतर आकड्यांवरचाही विश्वास कमी होतो. मिळालेले गुण, एकूण गुण आणि टक्केवारी तिन्ही लिहिले की कोणालाही पडताळता येतात. गुण अंतिम वर्षाचे द्यायचे की सर्व वर्षांचे एकत्र, हे जाहिरातीतल्या निवड निकषात लिहिलेलं असतं. उमेदवारानं आपल्याला जास्त सोयीचा आकडा निवडायचा नसतो.

अनुभवाचा हिशेब जरा सावकाश पाहू. आपल्या अर्जदारानं 1 मे 2021 पासून 31 डिसेंबर 2022 पर्यंत एका खासगी रुग्णालयात काम केलं. कागदावर हे वीस महिने होतात. पण तिची परिषदेकडची नोंदणी 12 ऑगस्ट 2021 ची आहे. परिचारिका, डॉक्टर, औषध निर्माता या पदांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा 'नोंदणीनंतरचा अनुभव ग्राह्य धरला जाईल' अशी अट असते. तशी अट असली की पहिले साडेतीन महिने गळतात आणि मोजायचे राहतात 12 ऑगस्ट 2021 ते 31 डिसेंबर 2022, म्हणजे 1 वर्ष 4 महिने 20 दिवस. पुढे 2 जानेवारी 2023 पासून 1 जून 2025 पर्यंत ती एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी होती. ती 2 वर्षे 5 महिने. बेरीज 3 वर्षे 9 महिने 20 दिवस. 'चार वर्षांचा अनुभव' असं लिहिलं असतं तर छाननीत तो आकडा खाली आला असता आणि शेऱ्यात 'अर्जातील माहिती व प्रमाणपत्रात तफावत' असं लागलं असतं. शेवटी मोजलेला अनुभव तेवढाच राहिला असता, पण एक वाईट शेरा नाहक पदरी पडला असता.

अनुभवाच्या प्रमाणपत्रावर काय हवं, तेही इथेच पाहून घ्यायचं. संस्थेचं नाव-पत्ता असलेला कागद, जावक क्रमांक आणि दिनांक, पदाचं नाव, रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख, सही करणाऱ्याचं पदनाम आणि शिक्का. 'आजपर्यंत कार्यरत आहेत' असं लिहिलेलं प्रमाणपत्र फक्त त्यावरच्या तारखेपर्यंतच मोजलं जातं. नेमणूक आदेश जोडून अनुभव सिद्ध होत नाही. माणूस रुजू झाला एवढं आदेशावरून दिसेल, किती दिवस काम केलं ते दिसत नाही.

या सगळ्या परिच्छेदावर सत्ता चालते ती एका तारखेची. अर्हता, वय, प्रमाणपत्रांची वैधता हे सारं जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला मोजतात. साधारणपणे तो अर्ज स्वीकारण्याचा अंतिम दिनांक असतो, काही ठिकाणी जाहिरातीचा. परीक्षा दिली आहे, निकाल पुढच्या आठवड्यात आहे, अशा उमेदवाराकडे त्या दिवशी अर्हता नसते. परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मुदत संपली असेल आणि नूतनीकरणाचा अर्ज नुसता दाखल केला असेल, तर त्याची पावती म्हणजे वैध नोंदणी नव्हे. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रावर ते कोणत्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं. जूनमधल्या जाहिरातीला मार्चमध्ये संपलेलं प्रमाणपत्र जोडलं जाणं ही दरवर्षी दिसणारी चूक आहे, कारण घरच्या फाइलमध्ये ते नीट ठेवलेलं असतं आणि पुन्हा उघडून कोणी वाचत नाही.

मग येते 'सोबत'. सहीच्या खाली, डाव्या बाजूला, क्रमांक घालून लिहिलेली यादी. तिच्याकडे बहुतेकजण हमालाच्या पावतीसारखं पाहतात : इतके कागद दिले, इतके पोचले. एवढंच काम असतं तर 'सोबत : सर्व आवश्यक कागदपत्रे' हेही पुरलं असतं. परिच्छेदातल्या प्रत्येक विधानापासून पुराव्यापर्यंत नेणं, हे त्या यादीचं खरं काम. म्हणूनच वरच्या परिच्छेदात कंसात क्रमांक घातले आहेत. आपल्या अर्जदाराची यादी अशी :

सोबत :
1. शाळा सोडल्याचा दाखला (जन्मतारखेचा पुरावा)
2. बारावीचे गुणपत्रक
3. विवाह नोंदणी प्रमाणपत्र (नावातील बदलाचा पुरावा)
4. जीएनएम पदविका प्रमाणपत्र
5. जीएनएम गुणपत्रके, तिन्ही वर्षे (3 पाने)
6. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र
7. अनुभव प्रमाणपत्र, खासगी रुग्णालय
8. अनुभव प्रमाणपत्र, प्राथमिक आरोग्य केंद्र
9. जात प्रमाणपत्र
10. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र
11. अधिवास प्रमाणपत्र
12. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन
13. शुल्काचा धनाकर्ष, क्रमांक व दिनांकासह

कागद याच क्रमानं लावायचे आणि प्रत्येकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तोच क्रमांक लिहायचा. यादीत सातवं असलेलं प्रमाणपत्र गठ्ठ्यात अकरावं निघालं तर ते 'नाही' ठरण्याची भीती असते. जे मागितलं नाही ते घालायचं नाही. शिबिरांची, स्पर्धांची, सत्कारांची प्रशस्तिपत्रं जोडून गठ्ठा जाड होतो आणि नोंदणी प्रमाणपत्र त्यात दडून बसतं. यादीत लिहिलेला पण प्रत्यक्षात न जोडलेला कागद तर सगळ्यात वाईट. पाकीट बंद करण्याआधी दुसऱ्या कोणालातरी यादी मोठ्यानं वाचायला सांगावी आणि आपण कागद उलटत जावं.

तिसऱ्या क्रमांकाच्या कागदावर थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांचे अर्ज या एका जागी फार अडकतात. दहावी-बारावी, जीएनएम, परिषदेची नोंदणी, जात प्रमाणपत्र हे सगळं माहेरच्या नावानं असतं. आधार कार्ड आणि दुसरं अनुभव प्रमाणपत्र सासरच्या नावानं. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, जोवर मधला पूल असलेला कागद समोर येत नाही. तो कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावात बदल केल्याचं महाराष्ट्र शासन राजपत्र. यांपैकी नेमकं काय चालेल ते जाहिरात सांगते. अर्जात नाव लिहितानाही सध्याचं पूर्ण नाव आणि त्यापुढे 'विवाहापूर्वीचे नाव' असं दोन्ही द्यावं, आणि हा कागद यादीत शेवटी न ठेवता माहेरच्या नावाच्या व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या आधी ठेवावा. पुढचे कागद वाचणाऱ्याला मग गोंधळ होत नाही.

जात प्रमाणपत्र मात्र लग्नानंतर सासरच्या नावानं 'करून घ्यायचं' नसतं. स्त्रीची जात वडिलांकडून ठरते, पतीकडून नाही. नॉन-क्रीमीलेयरसाठीही तिच्या आईवडिलांचं उत्पन्न पाहिलं जातं, पतीचं नव्हे. सासरकडच्या कागदांवर हे प्रमाणपत्र काढायला धावाधाव करून महिना घालवलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात भेटतील. त्यांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतींवर सही कोणाची, हाही प्रश्न येतो. राजपत्रित अधिकाऱ्याला शोधत फिरण्याची गरज महाराष्ट्रात 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयानं बरीच कमी झाली. त्यानुसार छायाप्रतीवर उमेदवार स्वतः सही करून ती खरी असल्याचं सांगतो. यालाच स्वयंसाक्षांकन म्हणतात. प्रत्येक पानावर 'मूळ प्रतीवरून सत्यप्रत', खाली सही, नाव आणि दिनांक. तीन पानांच्या गुणपत्रकावर फक्त शेवटच्या पानावर सही करून चालत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायची : खरेपणाची जबाबदारी आता पूर्णपणे उमेदवारावर असते आणि मूळ कागद पडताळणीच्या दिवशी दाखवावेच लागतात.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन आणि धनाकर्ष हे दोन कागद उमेदवाराला स्वतः तयार करावे किंवा मिळवावे लागतात, म्हणून ते शेवटच्या दिवशी आठवतात. प्रतिज्ञापनाचा नमुना 2005 च्या नियमांतला आहे आणि तो जाहिरातीसोबत जोडलेला असला की तोच भरायचा, स्वतःच्या शब्दांत लिहायचा नाही. धनाकर्ष ज्याच्या नावे काढायचा ते खातं जाहिरातीत अक्षरशः जसं आहे तसंच बँकेत सांगायचं, आणि त्याच्या मागे आपलं नाव व पद पेन्सिलीनं लिहायचं. गठ्ठ्यातून तो सुटून पडला तरी कोणाचा आहे ते कळतं.

जो आधीपासून सरकारी सेवेत आहे त्याचा अर्ज वेगळ्या वाटेनं जातो. तो आपल्या कार्यालयप्रमुखाच्या मार्फत पाठवायचा असतो, म्हणून 'प्रति'च्या खाली 'मार्फत : ...' अशी ओळ येते. वरिष्ठांकडून कागद पुढे जायला वेळ लागतो, म्हणून एक आगाऊ प्रत थेट पाठवून तिच्यावर तसं लिहितात आणि ना-हरकत प्रमाणपत्र नंतर सादर करतात. जाहिरात आगाऊ प्रत स्वीकारते की नाही, ते आधी पाहावं.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. टपालानं पाठवला तर स्पीड पोस्टची पावती जपायची. पण एक लक्षात घ्यायचं, बहुतेक जाहिरातींत अर्ज 'प्राप्त' होण्याची मुदत असते, पोस्टात टाकण्याची नाही. 22 तारखेला पाठवलेलं पाकीट 25 ला पोचलं तर टपाल खात्याचा उशीर उमेदवाराच्याच माथी येतो.

छाननी संपली की पात्र-अपात्र उमेदवारांची यादी लागते आणि अपात्रांच्या नावापुढे कारण छापलेलं असतं. आक्षेप घ्यायला ठरावीक दिवस दिले जातात, पुष्कळदा फार थोडे. इथे आपण ठेवलेली अर्जाची दुसरी प्रत आणि क्रमांकित यादी उपयोगी पडते. आक्षेपाच्या पत्रात विषय 'स्टाफ नर्स पदाच्या अपात्र यादीतील अ. क्र. अमुकबाबत आक्षेप' असा आणि संदर्भात मूळ जाहिरात, आपल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि यादीची तारीख. मजकूर दोन ओळींचा पुरतो : 'नोंदणी प्रमाणपत्र जोडले नाही असे कारण दिले आहे. सदर प्रमाणपत्र माझ्या अर्जासोबत क्र. 6 वर जोडलेले आहे, तरी फेरतपासणी व्हावी ही विनंती.' अंतिम दिनांकानंतर मिळवलेलं प्रमाणपत्र आक्षेपासोबत जोडून सहसा काही उपयोग होत नाही, कारण तपासतात ते 23 जूनला पाकिटात काय होतं एवढंच.